सहा वर्षांचं आयुष्य, तीन मिनिटांत

१७ डिसेंबर २०१२, सोमवार. अमेरिकेच्या कनेटिकट राज्यातल्या फेअरफिल्ड गावात पाऊस पडत होता. तीन दिवसांपूर्वी जवळच्याच न्यूटाउनमधल्या सँडी हुक प्राथमिक शाळेत एका तरुणाने गोळीबार करून वीस मुलं आणि सहा मोठी माणसं मारली होती. त्या वीस मुलांतला सर्वांत लहान मुलगा म्हणजे नोआ पोझ्नर. त्याला सहा वर्षं पूर्ण होऊन महिनाही झाला नव्हता. त्याची जुळी बहीण त्याच शाळेत, पण दुसऱ्या वर्गात होती, ती वाचली. अंत्यविधीला राज्याचे गव्हर्नर डॅनेल मलॉय आले होते. छोट्या लाकडी शवपेटीजवळ नोआची आई व्हेरोनिक बोलायला उभी राहिली.

तिचं ते बोलणं पुढे अनेक वर्तमानपत्रांनी पूर्ण छापलं. सावकाश वाचलं तरी ते तीन मिनिटांच्या आत संपतं. आपल्या लहान मुलाच्या अंत्यविधीला आई किंवा वडील काय बोलू शकतात, हे समजून घ्यायचं असेल तर ते एकदा नीट पाहावं.

मोठं माणूस गेलं की बोलायला चौकट आयती मिळते. जन्म कुठला, शिक्षण किती, नोकरी कुठे केली, संसार कसा केला, कुणाकुणाला मदत केली. सहा वर्षांच्या मुलाला यातलं काहीच नसतं. त्यामुळे बोलणाऱ्यासमोर दोनच वाटा उरतात. एक म्हणजे ‘देवाघरचं फूल’ छापाची वाक्यं, जी कुठल्याही मुलाला लागू पडतात. दुसरी म्हणजे त्या एकाच मुलाला लागू पडतील अशा बारीकसारीक गोष्टी. व्हेरोनिकने दुसरी वाट धरली.

आभाळ रडतंय, झेंडे अर्ध्यावर उतरले आहेत, एवढं एका वाक्यात सांगून ती थेट मुलाशी बोलू लागली: पण आजचा दिवस तुझाही आहे, बाळा. तिथून शेवटपर्यंत ती ‘तू’ म्हणूनच बोलते. मग ओळीने येतं ते नोआचं चालणं. घरभर पाय आपटत, जणू फार मोठ्या कामाला निघाल्यासारखं चालायचा तो. मग गडद निळे डोळे आणि इथे बसलेल्या कुठल्याही बाईला हेवा वाटावा अशा पापण्या. मग मोठेपणी काय व्हायचं ते: डॉक्टर, सैनिक, नाहीतर टाको बनवणाऱ्या कारखान्याचा मॅनेजर. टाको हा भाजी किंवा मांस घालून दुमडलेला मेक्सिकन पोळीचा पदार्थ. तो नोआचा जीव की प्राण, तेव्हा जगात टाकोचा तुटवडा पडू नये याची काळजी त्याला होतीच, असं आई म्हणाली.

त्यानंतरचं वाक्य मला या भाषणातलं सर्वांत धाडसी वाटतं. नोआला अभ्यास करायचा कंटाळा होता, खेळणी आवरायची नसायची, असं तिने सांगितलं. निंजाचे डाव आणि व्हिडिओ गेममधला सुपर मारिओ त्याला त्याहून कितीतरी महत्त्वाचे वाटायचे. गेलेल्या लेकराच्या पेटीशेजारी उभं राहून त्याचा आळस सांगायचा, हे ऐकायला विचित्र वाटेल. पण त्या एका वाक्याने नोआ फोटोतला गोड मुलगा राहत नाही. ज्याच्या मागे रोज संध्याकाळी ओरडावं लागतं, असा कुणाच्याही घरातला पोरगा होतो. ऐकणाऱ्याला तो दिसू लागतो.

त्या संपूर्ण बोलण्यात मारेकऱ्याचा उल्लेख नाही. शाळेचा नाही, बंदुकीचा नाही, शुक्रवारच्या त्या सकाळचाही नाही. व्हेरोनिकला त्याविषयी बोलायचं नव्हतं असं मुळीच नाही. ती नंतर बोललीही. पण ती तीन मिनिटं तिने त्यातून मोकळी ठेवली. आजारपणात मूल गेलेल्या घरांत नेमकं उलटं घडण्याचा धोका फार असतो. शेवटचं दीड वर्ष दवाखान्यात गेलेलं असतं. आईवडिलांच्या डोक्यात तपासण्या, औषधं, डॉक्टरांची नावं आणि तारखाच भरलेल्या असतात. बोलायला उभं राहिलं की तेच बाहेर पडतं, आणि त्याआधीची चार-पाच निरोगी वर्षं एका वाक्यात उरकली जातात. मजकूर लिहून झाल्यावर हे तपासणं सोपं आहे: त्यातला आजाराचा भाग बोटाने झाकायचा आणि उरलेल्यात मूल दिसतं का ते पाहायचं.

शेवटाकडे व्हेरोनिक म्हणते, मी तुझ्याकडे येईन, पण आज नाही. आणि लगेच नोआच्या चारही भावंडांची नावं घेते: त्यांना द्यायची माया अजून माझ्याजवळ पुष्कळ आहे. लहान मुलाच्या अंत्यविधीला पहिल्या रांगेत बहुतेक वेळा दुसरी लहान मुलं बसलेली असतात. आई आता आपली राहिली आहे का, हा प्रश्न ती तोंडाने विचारत नाहीत. त्या दिवशी तिथे त्यांना उत्तर मिळालं, तेही सगळ्यांसमोर.

एवढं बोलायला बळ कुठून येतं, असं विचारलं जातं. त्यात तयारीचाही मोठा भाग असतो. इंग्लंड-अमेरिकेत असे विधी चालवणारी अनुभवी माणसं आईवडिलांना साधारण सारखंच सांगतात. उत्स्फूर्त बोलू नका. तुम्ही कितीही सराईत वक्ते असलात तरी शब्दन् शब्द लिहून काढा. अक्षर मोठं ठेवा, ओळींमध्ये भरपूर जागा सोडा, कागदाच्या एकाच बाजूला लिहा आणि पानांना क्रमांक घाला. डोळे भरून आले की बारीक अक्षर दिसत नाही आणि हात थरथरला की पानं उलटीसुलटी होतात. मजकूर घरी मोठ्याने वाचा, कारण मनातल्या मनात वाचताना जिथे काही होत नाही, नेमका तिथेच आवाज अडतो. बहुधा मुलाच्या नावाशी, नाहीतर निरोपाच्या शेवटच्या वाक्याशी.

सगळ्यात उपयोगाची गोष्ट म्हणजे दुसरी प्रत. ती मावशी, काका किंवा जवळच्या मित्राच्या हातात देऊन त्यांना पुढे बसवायचं. आवाज थांबला तर त्यांनी उठून शेजारी उभं राहायचं आणि त्याच ओळीपासून पुढे वाचायचं. आई किंवा वडील तिथेच उभे राहतात, शब्द त्यांचेच असतात. आधी ठरलेलं असलं की यात कुणाला अवघडल्यासारखं होत नाही. ठरलेलं नसलं की सभागृह गप्प बसून वाट पाहतं आणि त्या गप्प बसण्यानेच बोलणाऱ्याचं आणखी अवसान गळतं.

हे मुलाशी थेट बोलणं आजकालचं नाही. सप्टेंबर १५४२ मध्ये जर्मनीतल्या विटेनबर्ग गावी धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर यांची तेरा वर्षांची मुलगी माग्डालेना वारली. तिला पेटीत ठेवल्यावर ल्यूथर तिच्याशी बोलले: तू पुन्हा उठशील, ताऱ्यासारखी, सूर्यासारखी चमकशील. मग त्यांनी कबूल केलं की, आत्म्याने मी आनंदात आहे, पण देहाने फार दुःखी आहे. सांत्वनाला आलेल्या लोकांना त्यांनी सांगितलं की, वाईट वाटून घेऊ नका, मी एक संत स्वर्गात पाठवली आहे. हे शब्द त्यांच्या भोवतीच्या मंडळींनी टिपून ठेवले. तीनच दिवसांनी युस्टुस योनास या मित्राला लिहिलेल्या पत्रात मात्र ल्यूथर वेगळ्या स्वरात बोलतात. आम्ही नवराबायकोने खरं तर देवाचे आभार मानायला हवेत, पण हुंदका दिल्याशिवाय ते जमत नाही, तिचा चेहरा आणि तिचे शब्द काळजात रुतून बसले आहेत, असं ते लिहितात. धर्मगुरू म्हणून लोकांना धीर देणं त्यांना भाग होतं. बाप म्हणून जे वाटत होतं त्यातलं थोडंच पेटीपाशी बोलता आलं, उरलेलं पत्रात उतरलं.

लहान मुलाबद्दल मुळात बोलावं का, यावर वेगवेगळ्या परंपरांनी वेगवेगळे नियम केले आहेत. नोआचं कुटुंब ज्यू. ज्यू परंपरेत अंत्यविधीतल्या स्तुतिपर भाषणाला हेस्पेड म्हणतात. कुठल्या वयापासूनच्या मुलासाठी हेस्पेड करावं, याची चर्चा ताल्मूद या प्राचीन ग्रंथात आहे. एका मतानुसार गरिबाच्या मुलासाठी तिसऱ्या वर्षापासून आणि श्रीमंताच्या मुलासाठी पाचव्या वर्षापासून. गरिबाला मुलांखेरीज दुसरं सुख नसतं, म्हणून त्याचा शोक अधिक, असा त्यामागचा अर्थ लावला जातो. गेलेल्याचे गुण सांगावेत, पण फार फुगवू नयेत, असंही ज्यू धर्मशास्त्र बजावतं. खेळणी न आवरणाऱ्या नोआचं वर्णन या नियमात चपखल बसतं.

आपल्याकडे मनुस्मृतीत दोन वर्षांखालच्या मुलाला अग्नी न देता गावाबाहेर पुरावं आणि उदकक्रिया करू नये असं सांगितलं आहे. तान्ह्या मुलांना पुरण्याची चाल महाराष्ट्रात आजही आहे. विधीच एवढा थोडका, तिथे बोलायला जागा कुठून येणार? मोठ्या माणसासाठी होते तशी शोकसभा लहान मुलासाठी क्वचितच होते. चार पुरुष जाऊन येतात, आई बहुतेक वेळा घरीच असते. तिला काही सांगायचं असेल तर ते ऐकायला लोक एकत्र जमतील असा प्रसंगच ठेवलेला नाही. या रीतीमागे आईचं दुःख लांबू नये हा हेतू असेलही, पण बोलू पाहणाऱ्या आईला तिने एकटं पाडलं आहे, असं मला वाटतं.

वसईतल्या आणि गोव्यातल्या कॅथलिक कुटुंबांना हा प्रसंग मिळतो, पण त्यालाही मर्यादा आहे. अंत्यविधीच्या मिस्सामध्ये धर्मगुरूच्या प्रवचनाच्या जागी मृताची स्तुती करायला चर्चचे नियम मनाई करतात. मात्र कम्युनियननंतरची प्रार्थना झाली की अखेरचा निरोप देण्याआधी घरातल्या किंवा स्नेह्यांपैकी एकाने आठवणीचे थोडे शब्द बोलायला परवानगी आहे. म्हणून मूल गेलेल्या घराने फादरांशी आदल्या दिवशीच बोलून घेणं बरं: कोण बोलणार, किती मिनिटं, आणि बोलवलं नाही तर तो कागद कोण वाचणार. तिथे जमणार नसेल तर आदल्या रात्रीच्या प्रार्थनेत किंवा दफनभूमीत बोलता येतं, आणि तिथे घड्याळाची घाईही कमी असते.