दिवा विझला म्हणजे बॅटरी भरली?

चिंचणीची हळद आटोपायला रात्रीचे साडेअकरा वाजतात आणि सकाळी सहाला पालघरच्या हॉलवर नवरीच्या मेकअपपासून फोटो सुरू करायचे असतात. बोईसर-तारापूर पट्ट्यात लग्नं काढणाऱ्याचे मधले साडेसहा तास झोपेपेक्षा बॅटऱ्यांच्या हिशेबातच जास्त जातात.

माझ्याकडे सोनीचा ए७ थ्री आहे. त्याची बॅटरी १६.४ वॉट-तासांची. कॅमेऱ्यातच ठेवून केबलने भरली तर कंपनीच्याच हिशेबाने सुमारे पावणेपाच तास लागतात, वेगळ्या चार्जरमध्ये अडीच. हळदीत दोन बॅटऱ्या संपल्या असतील तर केबलवर पहिली सव्वाचारला भरते आणि दुसरीला पहाटेपर्यंत जेमतेम पावणेदोन तास मिळतात. चार्जरवर दोन वाजता एकदा उठून बॅटरी बदलली की साडेचारला दोन्ही तयार.

वेळ इतका का लागतो? सोबतचा अ‍ॅडॉप्टर ५ व्होल्ट, दीड अँपियरचा, म्हणजे फार तर साडेसात वॉट. बॅटरी मात्र ७.२ व्होल्टची, त्यामुळे दाब वाढवून देण्याचं काम कॅमेऱ्याच्या आतल्या सर्किटला करावं लागतं. शेवटच्या टप्प्यात लिथियमला प्रवाह कमी कमी करूनच द्यावा लागतो, तो वेळ मात्र दोन्हीकडे जातो.

फसवतो तो केबलशेजारचा दिवा. भरताना तो पेटलेला असतो आणि भरून झाल्यावर विझतो. पण प्लग सैल झाला, बोर्डाचं बटण कुणी बंद केलं, तरीही तो विझतोच! एकदा मांडवात कुणा मामांनी मिक्सरसाठी माझा प्लग काढला. दिवा विझलेला पाहून मी निश्चिंत झोपलो. सकाळी कॅमेरा सुरू केला तर ४१ टक्के. तेव्हापासून दिव्यावर विश्वास नाही, स्क्रीनवरचा आकडा वाचल्याशिवाय बॅटरी पिशवीत जात नाही. दिवा लुकलुकत असेल तर गोष्ट वेगळी: बॅटरीत बिघाड तरी असतो किंवा ती फार तापलेली असते. भरण्यासाठी १० ते ३० अंश तापमान बरं. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत हे कुठून मिळणार? आधी सावलीत थंड होऊ द्यायची.

म्हणून केबल मी टाकून दिली का? नाही. चिंचणी ते पालघर या रस्त्यावर पॉवर बँक लावून अर्धा तास जरी मिळाला तरी विधीपुरता जीव येतो. मात्र कॅमेरा बंद हवा, नाहीतर बॅटरी भरत नाही. रोजच्या रात्रीला मात्र चार्जरच, कारण तो बिघडला तर दुसरा घेता येतो. केबलचं तोंड कॅमेऱ्याच्या आतल्या बोर्डाशी जोडलेलं असतं. ते ढिलं झालं की कॅमेराच दुरुस्तीला. त्यात आमच्याकडची खारी हवा आणि किनाऱ्यावरची वाळू. तोंडावरचं झाकण जितकं कमी उघडेल तितकं बरं.