अल्फा आणि बीटा : बाजाराचे देणे कोणते, व्यवस्थापकाची कमाई कोणती?

सोन्याचा भाव वर्षभरात वीस टक्क्यांनी वाढला, की पेठेतील प्रत्येक सराफाच्या ताळेबंदात नफा दिसू लागतो. तेवढ्यावरून दुकान उत्तम चालले असे जाणता व्यापारी म्हणत नाही. शिल्लक मालाच्या भाववाढीचा नफा तो बाजूला काढतो आणि मग घडणावळ, उलाढाल व खरेदीतील चोखपणा यांतून काय सुटले ते पाहतो. पहिला नफा बाजाराने दिलेला असतो, तो शेजारच्या दुकानालाही मिळालेला असतो. दुसरा नफा पेढीने स्वतः कमावलेला असतो.

म्युच्युअल फंडातील परताव्याची हीच विभागणी करण्यासाठी अर्थशास्त्रात दोन ग्रीक अक्षरे वापरली जातात. बाजाराच्या चढउताराशी फंड किती बांधलेला आहे, ते बीटा सांगतो. तो वाटा वजा केल्यावर व्यवस्थापकाच्या नावे जे उरते, ते अल्फा.

दोन फंडांचा हिशेब

बाजाराचा निर्देशांक दहा टक्के हलला असता जो फंड सरासरीने तेरा टक्के हलतो, त्याचा बीटा 1.3 होय. आठ टक्के हलणाऱ्याचा बीटा 0.8. बीटा हा गुणही नव्हे आणि दोषही नव्हे. फंडाने बाजाराची जोखीम किती अंगावर घेतली आहे, एवढेच तो सांगतो.

एक काल्पनिक वर्ष घेऊ. निर्देशांकाने 16 टक्के दिले आणि जोखीम न घेता सरकारी ट्रेझरी बिलावर 6 टक्के मिळत होते. म्हणजे जोखीम पत्करण्याबद्दल बाजाराने 10 टक्के अधिक दिले. या वर्षी ‘क’ फंडाने 18.5 टक्के परतावा दिला आणि ‘ख’ फंडाने 15 टक्के. जाहिरातीत ‘क’ झळकेल, कारण त्याने बाजाराला मागे टाकले. ‘ख’ मात्र बाजाराच्याही मागे राहिला.

आता बीटा विचारात घेऊ. ‘क’चा बीटा 1.3 आहे. त्याच्याकडून 6 अधिक 10 ची 1.3 पट, म्हणजे 19 टक्के अपेक्षित होते. मिळाले 18.5. त्याचा अल्फा उणे अर्धा टक्का. ‘ख’चा बीटा 0.8, म्हणून अपेक्षा 14 टक्क्यांची. मिळाले 15. त्याचा अल्फा अधिक एक टक्का.

ही अपेक्षा केवळ कागदावरची नाही. शंभर रुपयांपैकी ऐंशी रुपये निर्देशांकात आणि वीस रुपये ट्रेझरी बिलात ठेवले असते, तर कोणाच्याही बुद्धीची मदत न घेता 14 रुपये मिळाले असते. ‘ख’ने त्यावर एक रुपया अधिक दिला. उलट, शंभराच्या भांडवलावर 6 टक्क्यांनी तीस रुपये कर्ज काढून सगळे एकशेतीस निर्देशांकात घातले असते, तर व्याज देऊनही 19 रुपये उरले असते. ‘क’ने त्याहून कमी दिले. कर्ज काढून धंदा वाढवला आणि तेजीत नफा वाढला, तर त्याला कौशल्य म्हणता येत नाही. येथेही तेच आहे. बाजार 10 टक्क्यांनी पडलेल्या वर्षी याच हिशेबाने ‘क’कडून उणे 14.8 आणि ‘ख’कडून उणे 6.8 टक्के अपेक्षित राहतील.

115 फंडांची पडताळणी

या पद्धतीचे मोजमाप अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ मायकेल जेन्सन यांनी 1968 मध्ये प्रसिद्ध केले. म्हणूनच अल्फाला आजही ‘जेन्सन्स अल्फा’ म्हणतात. त्यांनी 1945 ते 1964 या काळातील 115 अमेरिकन फंड तपासले. या फंडांचा सरासरी बीटा सुमारे 0.84 होता. म्हणजे ते बाजारापेक्षा कमी जोखीम घेत होते आणि त्यांची बाजाराशी सरळ तुलना करणे अन्यायाचे ठरले असते. तो अन्याय दूर करूनही सरासरी अल्फा वर्षाला सुमारे उणे 1.1 टक्का निघाला. फंडांचा खर्च परत मिळवून पाहिला तरी तो सुमारे उणे 0.4 टक्का राहिला. समभाग निवडण्याचे सरासरी कौशल्य खर्चही भरून काढत नव्हते.

माप चुकले तर

अल्फा हा शिल्लक आकडा असल्यामुळे वजा करताना चुकीचे माप वापरले, की तो खोटा फुगतो. मध्यम आकाराच्या कंपन्यांत पैसे गुंतवणाऱ्या फंडाची तुलना निफ्टी 50 शी केली, तर मिडकॅप तेजीत असलेल्या वर्षी त्या गटाची तेजीच व्यवस्थापकाचे कौशल्य म्हणून दिसेल. दुसरी चूक लाभांशाची. फंडाला मिळालेला लाभांश त्याच्या परताव्यात येतो, पण साध्या निर्देशांकात तो धरलेला नसतो. त्यामुळे फंडाला विनासायास आघाडी मिळते. सेबीने फेब्रुवारी 2018 पासून लाभांश धरणाऱ्या ‘टोटल रिटर्न’ निर्देशांकाशी तुलना सक्तीची केली, त्यामागचे कारण हेच.

माप योग्य आहे की नाही, हे आर-स्क्वेअर्ड या आकड्यावरून कळते. तो 0.9 च्या आसपास असेल, तर फंडाची बहुतेक हालचाल त्या निर्देशांकाने उलगडते. तो 0.5 असेल, तर बीटा आणि अल्फा या दोहोंवर फारसा विश्वास ठेवू नये.

हे तिन्ही आकडे घरच्या संगणकावर काढता येतात. साठ महिन्यांचे फंडाचे मासिक परतावे ‘B’ रकान्यात आणि टोटल रिटर्न निर्देशांकाचे ‘C’ रकान्यात लिहावेत. दोहोंतून त्या महिन्याचा ट्रेझरी बिलाचा दर आधी वजा करावा. मग पुढील सूत्रे क्रमाने बीटा, मासिक अल्फा आणि आर-स्क्वेअर्ड देतात. मासिक अल्फाला बाराने गुणले की वार्षिक आकडा मिळतो.

```
=SLOPE(B2:B61,C2:C61)
=INTERCEPT(B2:B61,C2:C61)
=RSQ(B2:B61,C2:C61)
```

कौशल्य की नशीब?

सर्वांत कठीण प्रश्न यानंतरचा आहे. समजा, एखाद्या व्यवस्थापकाचा खरा अल्फा वर्षाला 2 टक्के आहे; पण बाजाराचा वाटा वगळल्यावरही त्याचा निकाल दरवर्षी 6 टक्क्यांच्या आसपास वरखाली होतो. वर्षे जातात तसा हा गोंधळ कमी होतो, पण संथपणे. सरासरीतील संभाव्य चूक चार वर्षांनी 3 टक्के, नऊ वर्षांनी 2 टक्के आणि छत्तीस वर्षांनी 1 टक्का होते. संख्याशास्त्राच्या रूढ कसोटीनुसार अल्फा या चुकीच्या निदान दुप्पट असावा लागतो. म्हणजे खरोखर कुशल असलेल्या माणसाचे कौशल्य आकड्यांनी सिद्ध व्हायला छत्तीस वर्षे लागतील. मग तीन वर्षांच्या अल्फावरून फंड निवडणे हा बव्हंशी नशिबाचा कौल ठरतो.

फंडाचा वार्षिक खर्च मात्र आजच ठाऊक असतो आणि तो दरवर्षी निश्चित वजा होतो. निर्देशांक फंड बीटा अत्यल्प खर्चात देतो. म्हणून सक्रिय फंडाचे शुल्क पाहताना त्याच्या पूर्ण परताव्याशी नव्हे, तर निर्देशांक फंडाहून किती अधिक घेतले जाते, त्याची तुलना अल्फाशी करावी. शुल्कात एक टक्का अधिक घेऊन शून्याच्या आसपास अल्फा देणारा फंड आपल्याला बाजारभावाचा माल चढ्या दराने विकत असतो.