रडवणारा सिनेमा आवडतो कसा?

संदीप सावंत यांचा 'श्वास' (२००४) पाहताना लोक नेमके कुठे रडतात, याकडे एकदा लक्ष द्या. कोकणातल्या लहानग्या परशाच्या डोळ्यांत कॅन्सर आहे आणि जीव वाचवायचा तर डोळे काढावे लागतील, हे डॉक्टर सांगतात तेव्हा आपण हादरतो, गप्प होतो. पदर आणि रुमाल बाहेर येतात ते बरंच पुढे, आजोबा त्याला कुणाला न सांगता हॉस्पिटलबाहेर नेतात तेव्हा. नजर आहे तोवर नातवाला जग दाखवून घ्यायचं, एवढीच त्यांची धडपड. खरं तर त्या प्रसंगात वाईट असं नवीन काहीच घडत नाही. उलट पोरगं मजेत असतं. तरी गळा दाटून येतो, आणि बाहेर पडताना आपण म्हणतो, "काय सुंदर सिनेमा आहे!"

याचं नेहमीचं उत्तर म्हणजे 'कॅथार्सिस'. शोकांतिका करुणा आणि भय जागवते आणि त्यांचं विरेचन करते, असं ॲरिस्टॉटलने 'पोएटिक्स'मध्ये म्हटलं. पण हे विरेचन म्हणजे नक्की काय, ते त्या ग्रंथात उलगडून सांगितलेलं नाही. १८५७ मध्ये याकोब बर्नाइस या जर्मन पंडिताने त्याचा वैद्यकीय अंगाने अर्थ लावला: जुलाबाने पोट साफ व्हावं, तशा तुंबलेल्या भावना बाहेर पडतात. पुढे फ्रॉइडने याच बर्नाइसच्या पुतणीशी लग्न केलं, आणि सुरुवातीच्या काळात त्याने व ब्रॉयरने आपल्या उपचारपद्धतीला हेच नाव दिलं. 'रडून घे, मोकळं वाटेल' हा सल्ला आपल्याकडे आज्याही देतात, त्यांना बर्नाइस वाचायची गरज पडली नव्हती.

हा सल्ला कितपत खरा? नेदरलँड्समधल्या टिलबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी ६० जणांना 'लाइफ इज ब्यूटिफुल' किंवा 'हाची' हा मालकाची वाट पाहणाऱ्या कुत्र्याचा सिनेमा दाखवला. त्यातले २८ जण रडले, ३२ रडले नाहीत. सिनेमा संपल्या संपल्या विचारलं तर रडलेल्यांचा मूड चांगलाच ढासळलेला होता. न रडलेल्यांचा होता तसाच होता. २० मिनिटांनी रडलेले मूळ पातळीवर आले आणि ९० मिनिटांनंतर त्यांना सिनेमा सुरू होण्यापूर्वीपेक्षाही बरं वाटत होतं. म्हणजे अश्रू ओघळले आणि लगेच हलकं वाटलं, असं झालं नाही. आधी जास्तच वाईट वाटलं. शिवाय ६० जण म्हणजे काही फार नव्हेत, आणि कोण रडणार हे संशोधकांनी ठरवलेलं नव्हतं. सहज रडू येणारी माणसं मुळातच लवकर सावरणारी असतील, ही शक्यता उरतेच.

मग सिनेमा चालू असताना, मूड खाली जात असतानाच, तो आवडतो कसा? इथे मोकळं होण्याचा सिद्धांत अपुरा पडतो आणि सहानुभूतीकडे वळावं लागतं. सिनेमाची छोटी दृश्यं दाखवून केलेल्या एका जर्मन अभ्यासात दिसलं, की दुःख आणि आवड यांना जोडणारा दुवा म्हणजे हेलावून जाणं. नुसत्या दुःखाला प्रेक्षक दाद देत नाहीत. त्या दुःखातून कुणाची तरी माया किंवा निष्ठा उघडी पडली, तर देतात. परशाचा आजार आपल्याला फक्त घाबरवतो. आजोबांची धावपळ मात्र दाखवते, की त्या पोराच्या डोळ्यांची किंमत त्यांच्या लेखी किती आहे. आपण परशाच्या जागी जातो, त्याहून जास्त आजोबांच्या जागी जातो. आणि आपल्यालाही कुणाविषयी इतकं वाटू शकतं, हे जाणवणं सुखद असतं. जिथे ही माया नुसती पार्श्वसंगीताने ढकललेली असते, तिथे प्रेक्षक रडतोही, पण नंतर फसवल्यासारखा चिडतो.

दुसरी गोष्ट अंतराची. खऱ्या हॉस्पिटलच्या व्हरांड्यात असे आजोबा भेटले, तर पैसे द्यावेत का, डॉक्टरांना सांगावं का, असे प्रश्न लगेच उभे राहतात. थिएटरात करण्यासारखं काहीच नसतं, म्हणून पूर्ण लक्ष त्या वाटण्याकडे देता येतं. हजारेक वर्षांपूर्वी काश्मीरच्या अभिनवगुप्ताने हे फार नेमकं पकडलं. रंगमंचावरचा शोक ना त्या नटाचा असतो, ना माझा, ना माझ्या शत्रूचा. तो कुणाच्याच मालकीचा न राहता सगळ्यांचा होतो, आणि म्हणूनच त्याचा करुणरस होऊन आस्वाद घेता येतो. या प्रक्रियेला त्याने साधारणीकरण म्हटलं. ॲरिस्टॉटलपेक्षा मला हे स्पष्टीकरण अधिक पटतं, कारण ते रडण्यानंतरच्या आरामावर अवलंबून नाही. रडता रडताच काय आवडतं, ते सांगतं.

आणि हे अंतर मोडलं की आस्वादही संपतो. ज्या घरात नुकतंच लेकराचं आजारपण झालं आहे, त्या घरातल्या बाईला 'श्वास' बघ म्हणण्यात अर्थ नाही. तिच्यासाठी पडद्यावरचं दुःख तिचंच असतं. ती मध्येच उठून गेली, तर तिला सिनेमा कळला नाही असं समजू नये. वर्ष-दोन वर्षांनी तीच बाई तो सिनेमा शेवटपर्यंत पाहील, रडेल आणि शेजारणीलाही बघायला सांगेल.