निकाल बरोबर, तरी उत्तर नापास

24 ऑगस्ट 1924. न्यूयॉर्कमधल्या ईस्ट न्यूयॉर्क स्टेशनवर हेलन पॅल्सग्राफ ही बाई आपल्या दोन मुलींना घेऊन रॉकअवेच्या समुद्रकिनाऱ्याला जाणाऱ्या गाडीची वाट पाहत उभी होती. तेवढ्यात दुसरीच एक गाडी सुटली आणि एकाने धावत येऊन तिच्यात उडी घेतली. तो पडेलसं वाटल्यावर डब्यातल्या गार्डने त्याला आत ओढलं, फलाटावरच्याने मागून ढकललं. या ओढाताणीत त्याच्या काखेतलं वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं रुळांवर पडलं. पुडकं जेमतेम हातभर लांबीचं, पण आत फटाके होते. स्फोट झाला आणि फलाटाच्या दुसऱ्या टोकाला असलेला वजनकाटा कोसळून हेलनबाईंना लागला. त्यांनी लाँग आयलंड रेल्वेवर दावा लावला आणि ज्यूरीने 6,000 डॉलरची भरपाई दिली.

कायद्याच्या वर्गात हीच हकीकत देऊन ‘रेल्वे जबाबदार आहे का?’ असं विचारलं, की एका ठरावीक साच्याचं उत्तर हमखास येतं. गार्डने चालत्या गाडीत माणूस ढकलला, हा निष्काळजीपणा. त्याने ढकललं नसतं तर पुडकं पडलं नसतं, पुडकं पडलं नसतं तर काटा पडला नसता. बाईंना इजा झाली, सबब रेल्वेने भरपाई द्यावी. वाचायला सरळ आहे, पटतंही. तरी परीक्षक गुण कापतो आणि विद्यार्थी बुचकळ्यात पडतो, कारण ज्यूरीचाही निकाल हाच होता.

अपकृत्याच्या कायद्यात, म्हणजे टॉर्टमध्ये, ‘निष्काळजीपणा’ हे नुसतं बेफिकीर वागण्याचं नाव नव्हे. त्याच्या दाव्यात काळजी घेण्याचं कर्तव्य, त्याचा भंग, त्यातून झालेलं नुकसान आणि कारणसंबंध, हे सगळं वादीला सिद्ध करावं लागतं. वरचं उत्तर थेट भंगापासून सुरू होतं. कर्तव्य होतं, पण कोणाप्रती? उडी मारणाऱ्या प्रवाशाप्रती, हे उघड आहे. त्याचा पाय मोडला असता किंवा त्याचं सामान फुटलं असतं, तर वाद फारसा उरला नसता. दूरवर काट्यापाशी उभ्या असलेल्या बाईचं काय?

1928 साली न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयात न्यायमूर्ती कार्डोझो यांनी नेमकी याच प्रश्नावर भरपाई रद्द केली. पुडक्यावर आत फटाके असल्याची कसलीच खूण नव्हती. त्या धक्क्यातून इतक्या लांबच्या बाईला अपाय होईल, हे समंजस माणसाला दिसण्यासारखं नव्हतं. म्हणून गार्डची कृती तिच्या बाबतीत चूकच ठरत नव्हती. आणि दुसऱ्यावर झालेल्या चुकीच्या खांद्यावर बसून तिला भरपाई मागता येणार नव्हती. हुशार विद्यार्थी इथे हरकत घेतो: बाईंकडे तिकीट होतं, प्रवासी म्हणून रेल्वेचं त्यांच्याप्रती कर्तव्य होतंच. हरकत रास्त आहे. मात्र कार्डोझोंचा सवाल या कृतीतून दिसणाऱ्या धोक्यापुरता होता. तिकीट दाखवून तो सुटत नाही, पण उत्तरात मांडला तर गुण मिळतात.

निकाल चार विरुद्ध तीन असा लागला. विरोधातले न्यायमूर्ती अँड्र्यूज रेल्वेलाच जबाबदार धरत होते, म्हणजे वरच्या उत्तराच्याच बाजूने. पण त्यांचा रस्ता पाहा. त्यांच्या मते काळजीचं कर्तव्य साऱ्या जगाप्रती असतं. म्हणून जबाबदारी कुठे थांबवायची, हे ‘निकट कारणा’ने ठरवावं लागतं. ‘ते नसतं तर हे झालं नसतं’ एवढ्याने ते ठरत नाही. तसं पाहिलं तर पुडकं बांधणारा, फटाके विकणारा, तिथे काटा बसवणारा, सगळेच कारण होतात. अँड्र्यूज यांनी तपासलं, की घटनांची साखळी अखंड होती का, मध्ये दुसरी मोठी कारणं घुसली का, काळाचं आणि जागेचं अंतर किती. स्फोट आणि इजा यांत क्षणाचं अंतर आणि जागाही फार लांब नाही, म्हणून त्यांना कारण निकट वाटलं. सीमारेषा कुठे ओढायची हा बराचसा व्यवहाराचा आणि धोरणाचा प्रश्न आहे, तर्कशास्त्राचा नाही, हेही त्यांनी उघडपणे मान्य केलं. मला तरी हा कबुलीजबाब कार्डोझोंच्या सफाईदार युक्तिवादापेक्षा प्रामाणिक वाटतो.

आपल्याकडेही या पायऱ्या नुसत्या पुस्तकात नाहीत. राजकोटमध्ये रस्त्याकडेचं झाड अंगावर पडून एक माणूस गेला. झाडं महापालिकेची, मृत्यू झाडामुळे, यावर फारसा वाद नव्हता. 1997 साली सर्वोच्च न्यायालयाने तरीही महापालिकेला दोषी धरलं नाही, कारण त्या वाटसरूप्रती दाव्याला आधार होईल असं काळजीचं कर्तव्य न्यायालयाला दिसलं नाही. निकालाशी असहमत व्हायला हरकत नाही, मात्र त्यावर टीका करणाऱ्यालाही आधी कर्तव्याबद्दलच बोलावं लागतं.