पंधरावं अक्षर

ठोक व्यापाऱ्याच्या संगणकातली ‘पार्टी मास्टर’ ही यादी वर्षानुवर्षं साचत गेलेली असते. त्यातला एखादा जीएसटी नंबर फोनवर ऐकून लिहिलेला असतो, एखादा व्हॉट्सॲपवर आलेल्या पुसट फोटोवरून. दोन हजार ओळींतला चुकलेला नंबर डोळ्यांनी सापडत नाही. विक्रीच्या विवरणात तो तसाच गेला, तर गिऱ्हाइकाला त्याच्या खात्यात कराची वजावट दिसत नाही, आणि मग फोन सुरू होतात.

सुदैवाने हा नंबर स्वतःच बरंच बोलतो. उदाहरणादाखल रचलेला एक नंबर घेऊ: 27ABCPE1234F1ZB. पहिले दोन अंक राज्याचे: 27 म्हणजे महाराष्ट्र, 30 म्हणजे गोवा. पुढची दहा अक्षरं म्हणजे मालकाचा पॅन. पॅनचं चौथं अक्षर धारकाचा प्रकार सांगतं. P म्हणजे व्यक्ती, C म्हणजे कंपनी, F म्हणजे भागीदारी. (नमुना म्हणून सगळीकडे छापला जाणारा ABCDE1234F इथेच नापास होतो, कारण D नावाचा प्रकारच नाही.) तेरावं अक्षर त्या राज्यात त्याच पॅनवर ही कितवी नोंदणी ते दाखवतं, चौदावं नेहमीच्या व्यापाऱ्यासाठी Z असतं, आणि पंधरावं हे तपासणीचं अक्षर.

ते पंधरावं आधीच्या चौदांवरून ठरतं. अंकांची किंमत तीच ठेवायची, A म्हणजे 10, तिथून चढत Z म्हणजे 35. डावीकडून एकाआड एक किमतींना 1 आणि 2 ने गुणायचं. गुणाकाराला 36 ने भागून भागाकार आणि बाकी यांची बेरीज घ्यायची. P ची किंमत 25, दुप्पट 50. भागाकार 1, बाकी 14, म्हणून 15. अशा चौदा आकड्यांची आपल्या नंबरात बेरीज येते 169. तिला 36 ने भागल्यावर बाकी 25. 36 मधून 25 गेले, उरले 11, आणि 11 म्हणजे B. नंबर जुळला.

आता कारकुनाने 1234 ऐवजी 1324 टाइप केलं असं समजा. बेरीज 168 होते, शेवटी C यायला हवा, पण लिहिलाय B. ओळ पकडली गेली. दुसऱ्या एकाने तेराव्या जागी 1 ऐवजी इंग्रजी I लिहिला. ही चूक जास्त लबाड आहे, कारण त्या जागी अक्षरही चालतं; साचा तिला मुकाट्याने पास करतो. गणित मात्र करत नाही, ते U मागतं.

एक अक्षर चुकलं, तर ही पद्धत ते हमखास पकडते. शेजारची दोन अक्षरं उलटी झाली तर तिला फक्त एकच जोडी दिसत नाही, 0 आणि Z. पण जीएसटी नंबरात ही दोन शेजारी येऊन उलटली की अंकाच्या जागी अक्षर जातं किंवा Z ची जागा मोडते, आणि साच्याची तपासणी त्यांना अडवते. म्हणून दोन्ही तपासण्या हव्यात, आणि क्रमही हाच हवा. साचाच मोडलेला असेल तर पुढचं गणित करण्यात अर्थ नाही.

खरी कसोटी असते शेजारच्या ‘कारण’ स्तंभाची. नुसतं ‘चूक’ लिहिलं तर दोनशे लाल ओळी हातात येतात आणि कुणालाच काम कळत नाही. ‘लांबी 14, एक अक्षर कमी’ असेल तर जुनं बिल काढून पाहता येतं. ‘राज्य कोड 72, असा कोड नाही’ यावरून 27 उलटा लिहिल्याचा संशय येतो. ‘तपासणी अक्षर जुळत नाही, C हवं, B आहे’ एवढंच कळलं तर मात्र चूक नेमकी कुठे हे गणित सांगू शकत नाही. पार्टीकडून प्रमाणपत्राची प्रतच मागवावी लागते. C टाकून ओळ हिरवी करणं हा सर्वांत वाईट उपाय, कारण मग चुकलेला पॅन कायमचा बरोबर ठरतो.

मोकळ्या जागा काढणं आणि लहान अक्षरं मोठी करणं हे आधीच, वेगळ्या स्तंभात करावं. मूळ नोंद तशीच राहू द्यावी. दूतावासांचे आणि टीडीएस कापणाऱ्या कार्यालयांचे नंबर वेगळ्या साच्याचे असतात. त्यांना ‘चूक’ न म्हणता ‘हाताने पाहा’ असा शेरा द्यावा.

इतकं करूनही पास झालेला नंबर दुसऱ्याच कुणाचा असू शकतो, किंवा रद्द झालेला. त्यासाठी जीएसटी पोर्टलवर तो नंबर टाकून नाव आणि नोंदणीची स्थिती पाहावी लागते. दोन हजार ओळींसाठी हे जमलं नाही, तरी या वर्षी ज्यांना बिल गेलं त्यांच्यासाठी तेवढं जरूर करा.