सव्वादोन हजारांचा नफा आणि एक सरकवलेला स्टॉपलॉस

शुक्रवारी साडेतीनला बाजार बंद होतो. शनिवारी सकाळी काही ट्रेडर त्या आठवड्याचा हिशेब आपल्या मार्गदर्शकाला लिहून पाठवतात. किती कमावलं, किती गमावलं, कुठे चुकलं आणि पुढच्या आठवड्यात काय करायचं, एवढाच त्यातला मजकूर. पत्र दीड पानापेक्षा मोठं झालं तर ट्रेडर हिशेब सोडून कैफियत मांडायला लागलाय, असं खुशाल समजावं.

एक नमुना घेऊ. पुण्यातला एक तरुण नोकरी सांभाळून शेअर घेतो, आठ-दहा दिवस ठेवतो आणि विकतो. फ्युचर्स-ऑप्शन्सच्या वाटेला तो जात नाही. (2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत त्या बाजारातल्या शंभरातल्या 93 वैयक्तिक ट्रेडरना तोटा झाल्याचं सेबीच्या सप्टेंबर 2024च्या अभ्यासात दिसलं होतं.) त्याचं भांडवल पाच लाख. एका सौद्यात जास्तीत जास्त अर्धा टक्का, म्हणजे 2,500 रुपये गमवायचे, हा त्याचा नियम. या रकमेला तो पत्रात ‘एक आर’ म्हणतो. व्हॅन थार्प या अमेरिकी प्रशिक्षकाने हे माप लोकप्रिय केलं. त्याची सोय अशी, की शेअर चाळीस रुपयांचा असो वा चार हजारांचा, सगळे सौदे एकाच पट्टीने मोजता येतात.

क्वांटिटीही त्यावरूनच ठरते. सिमेंट कंपनीचा शेअर 640ला घेतला आणि स्टॉपलॉस 615ला ठेवला, तर एका शेअरमागे धोका 25 रुपयांचा. 2,500ला 25ने भागायचं आणि शंभर शेअर घ्यायचे. पत्रातल्या पहिल्या सौद्याची नोंद अशीच आहे. शेअर 690ला विकला, पाच हजार मिळाले, म्हणजे अधिक दोन आर.

त्या आठवड्यात त्याचे पाच सौदे पूर्ण झाले. दुसऱ्यात स्टॉपलॉस लागला आणि 2,500 गेले. तिसऱ्यात तीन हजार गेले. तोटा एक आरपेक्षा मोठा दिसतो, पण ही चूक नव्हे. शेअर सकाळी स्टॉपलॉसच्याही खाली उघडला आणि विक्री मिळेल त्या भावाला झाली. रात्रभर शेअर ठेवणाऱ्याला हा धोका टाळता येत नाही, म्हणून पत्रात ‘गॅप, नियमातला तोटा’ एवढाच शेरा पुरतो. पाचव्यात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीचे शेअर विकून दीड हजार मिळाले.

खरी गंमत चौथ्या सौद्यात आहे. औषध कंपनीचे 125 शेअर 420ला घेतले होते, स्टॉपलॉस 400ला. मंगळवारी भाव 402वर आला तेव्हा त्याने ऑफिसच्या जिन्यात उभं राहून मोबाइलवर तो 385ला सरकवला. भाव 391पर्यंत घसरून फिरला आणि शुक्रवारी शेअर 436ला विकून दोन हजारांचा नफा पदरात पडला.

आठवड्याची बेरीज तीन हजार नफा. सुमारे तीन लाखांची खरेदी आणि तेवढीच विक्री झाली होती. त्यावर दोन्ही बाजूंचा 0.1 टक्का एसटीटी, मुद्रांक शुल्क, डीपी चार्जेस असा साडेसातशे रुपयांच्या आसपास खर्च. हाती राहिले 2,250. नवखा ट्रेडर इथेच पत्र संपवतो आणि चुकांच्या रकान्यात ‘विशेष नाही’ लिहून मोकळा होतो.

मुरलेला ट्रेडर याखाली आणखी एक बेरीज मांडतो. सगळे नियम पाळले असते तर काय झालं असतं? चौथा सौदा 400ला कापला गेला असता आणि दोन हजार मिळण्याऐवजी अडीच हजार गेले असते. फरक साडेचार हजारांचा, म्हणजे हाच आठवडा खर्च धरून 2,250 रुपये तोट्यात गेला असता. त्याचं वाक्य असं आहे: “सर, या आठवड्याचा नफा माझ्या पद्धतीचा नाही, चौथ्या सौद्यातल्या चुकीचा आहे. मंगळवारी मी 2,500च्या ऐवजी 4,375 रुपये पणाला लावले होते.” पत्रातली सगळ्यात कामाची ओळ हीच. सरकवलेला स्टॉपलॉस एकदा पैसे देऊन गेला की पुढच्या वेळी हात आपसूक तिकडे जातो, आणि पुढच्या वेळी भाव फिरेलच असं नाही.

ही चूक ब्रोकरच्या कॉन्ट्रॅक्ट नोटमध्ये दिसत नाही. तिथे प्रत्यक्ष झालेली खरेदी-विक्री असते, मधे बदललेली ऑर्डर नसते. म्हणून जाणता मार्गदर्शक खरेदीच्याच दिवशी काढलेला चार्टचा फोटो मागतो, स्टॉपलॉसची रेघ ओढलेला. शनिवारी आठवणीतून लिहिलेला स्टॉपलॉस बहुतेक वेळा सोयीचाच निघतो.

पाचव्या सौद्याबद्दल उत्तर इतकं सरळ नाही. भाव दहा दिवसांच्या सरासरीखाली बंद झाला की विकायचं, हा नियम होता. तसं झालं नसतानाच त्याने शेअर विकले. नियमाने गेला असता तर सौदा अजून चालू असता, त्यामुळे चुकीची किंमत आज काढता येत नाही. पत्रात तो रकाना रिकामा ठेवून ‘नंतर भरू’ लिहिणं हाच प्रामाणिकपणा. अंदाजाने आकडा टाकला की पुढचे सगळे हिशेब बिघडतात.

मार्गदर्शकाचं उत्तर सहसा चार ओळींचं असतं आणि त्यात कुठल्याही शेअरचं नाव नसतं. नसावंच. सेबीकडे नोंदणी नसताना पैसे घेऊन शेअर सुचवता येत नाहीत. निव्वळ शिकवणाऱ्यांनी तीन महिन्यांपेक्षा ताजे भाव वापरून शेअरबद्दल बोलू नये, असंही सेबीने जानेवारी 2025मध्ये बजावलं. पत्राला ‘सोमवारी अमुक घ्या’ असं उत्तर यायला लागलं, की तो मार्गदर्शक राहिला नाही, टिप देणारा झाला.

मार्गदर्शक एका पत्रावरून पद्धतीला नापासही करत नाही. शंभरातले चाळीस सौदे जिंकणारी पद्धत घेतली, तरी सलग पाच सौदे तोट्यात जाण्याची शक्यता जवळपास आठ टक्के असते. वर्षभर सौदे करणाऱ्याच्या वाट्याला असा आठवडा येणारच. पण स्टॉपलॉस सरकवणं लागोपाठ तीन पत्रांत दिसलं तर ती सवय, आणि तिच्यासाठी जास्त पुरावा लागत नाही.

म्हणून पुढच्या आठवड्याच्या योजनेत पद्धत तीच राहते, बदल एकच होतो. आपला ट्रेडर लिहितो, की खरेदी होताच स्टॉपलॉसची जीटीटी ऑर्डर लावेन आणि बाजार चालू असताना ती खाली नेणार नाही. न्यावीशी वाटली तर वहीत वेळ आणि कारण लिहीन. आठवड्यात तीन आर, म्हणजे 7,500 गेले तर शुक्रवारपर्यंत नवा सौदा नाही. तिमाही निकाल जाहीर होणार असतील त्या कंपनीचा शेअर आदल्या दिवशी विकेन. ‘शिस्त पाळेन’ हे वाक्य मार्गदर्शकाने मागेच खोडायला लावलं आहे, कारण ते पाळलं की नाही हे शनिवारी तपासताच येत नाही.

उत्तरात यावेळी एक नवी मागणी आली. नियमात बसत असूनही भीतीने न घेतलेले सौदेही पुढच्या पत्रात लिहायचे, तारीख आणि भावासकट.