बिलाचा फोटो पुन्हा का मागावा लागतो

महिन्याच्या खरेदीची बिले हिशेबनिसाकडे आता बहुधा मोबाइलवर काढलेल्या फोटोंच्या रूपात येतात आणि त्यांतली काही पुन्हा मागवावी लागतात. ‘फोटो नीट नाहीत, परत पाठवा’ एवढाच ईमेल गेला, तर दुकानदार तेच बिल त्याच टेबलावर, त्याच दिव्याखाली ठेवून तसाच फोटो पुन्हा काढतो. त्याच्या दृष्टीने पहिला फोटोही नीटच होता. बिल कोणाचे, कशाचे, साधारण किती रुपयांचे, हे त्याला त्यात दिसते, कारण ते त्याला आधीच ठाऊक असते. हिशेबनिसाला मात्र त्यातला एकेक अंक उतरवून घ्यायचा असतो. म्हणून कामाचा ईमेल बिलागणिक सांगतो, की कोणता अंक गेला आणि कशामुळे गेला.

सांगलीतल्या एका हार्डवेअरच्या दुकानाला फेब्रुवारीच्या बिलांबद्दल गेलेला ईमेल उदाहरणादाखल घेता येईल. तो १५ मार्चला गेला, त्यालाही कारण आहे. पुरवठादारांनी आपापल्या विवरणात दाखवलेल्या बिलांची यादी, म्हणजे जीएसटीआर-२बी, पुढच्या महिन्याच्या १४ तारखेला पोर्टलवर तयार होते आणि मासिक जीएसटीआर-३बी २० तारखेपर्यंत भरायचे असते. बिलांची जुळणी या मधल्या दिवसांत होते आणि फोटोतली खोट तेव्हाच उघडी पडते. ईमेलची सुरुवात अशी होती :

‘नमस्कार. फेब्रुवारीची बिले मिळाली, बहुतेकांच्या नोंदी झाल्या आहेत. पुढील चारच बिलांबद्दल लिहितो आहे. बाकीची पुन्हा पाठवू नयेत. तीन बिलांचे फोटो नव्याने हवे आहेत. चौथ्याचा फोटो काढून उपयोग नाही, त्याचे वेगळे सांगितले आहे. १७ तारखेपर्यंत मिळाले तर याच महिन्यात घेता येतील.’

‘बाकीची पुन्हा पाठवू नयेत’ हे वाक्य फार मोलाचे आहे. ते नसेल तर सगळा गठ्ठा दुसऱ्यांदा येतो आणि एकाच बिलाची दोनदा नोंद होण्याची भीती उभी राहते.

पहिले बिल पीव्हीसी पाइपांचे. दुकानदाराने दोन बिले शेजारी ठेवून एकच फोटो काढला होता आणि तो व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवला होता. असा पाठवलेला फोटो वाटेत लहान केला जातो. त्याची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेल, म्हणजे १६०० ठिपके, एवढी उरते. ए-फोर कागद २९७ मिलिमीटर लांब असतो. त्याने सगळी चौकट भरली, तर एका मिलिमीटरला पाच-साडेपाच ठिपके मिळतात. बिलावरच्या बारीक छपाईतला अंक दोनेक मिलिमीटर उंच असतो, तेव्हा त्याच्या वाट्याला सुमारे अकरा ठिपके येतात. तेवढ्यात तो कसाबसा वाचता येतो. चौकटीत दोन बिले आणि भोवती टेबलही आले, की हा वाटा पाच ठिपक्यांवर येतो. तीन आणि आठ यांच्यात फरक असतो तो डाव्या बाजूच्या दोन फटींचा, आणि पाच ठिपक्यांच्या अंकात त्या फटीला एखादाच ठिपका मिळतो. त्यातच फोटो लहान करताना तो आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकोनांत दाबला जातो. फट शेजारच्या काळ्यात मिसळते. बिल क्रमांकाचे शेवटचे तीन अंक ३८६, ३३६ किंवा ८८६ यांपैकी काहीही असू शकत होते.

याच बिलावर करपात्र रकमेचा दुसरा अंकही पुसट होता, पण त्याबद्दल ईमेलमध्ये अवाक्षर नव्हते. सीजीएसटी ९ टक्क्यांनी १,६५१ रुपये ५० पैसे असा स्पष्ट दिसत होता. त्यावरून मूळ रक्कम १८,३५० हीच निघते. १३,३५० असती तर कर १,२०१.५० झाला असता. एसजीएसटी तेवढाच धरून एकूण २१,६५३ रुपये, आणि तळाशी तेच छापलेले होते. रकमांना एकमेकींचा आधार असतो. पुरवठादाराच्या पंधरा अक्षरी जीएसटी क्रमांकालाही असतो. पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्राचे २७), पुढची दहा अक्षरे पॅनची, आणि पॅनमध्ये अक्षरे व अंक यांच्या जागा ठरलेल्या असल्याने तिथे शून्य आहे की ‘ओ’ हा प्रश्नच उरत नाही. शेवटचे अक्षर आधीच्या चौदांवरून गणिताने काढलेले असते, म्हणून एखादे अक्षर चुकले तर ते पकडता येते. बिल क्रमांकाला असा कोणताच आधार नाही. तो कशाची बेरीज नाही, कशाचा गुणाकार नाही. हिशेबनीस फोटो पुन्हा मागतो तो बहुधा अशा निराधार अंकांसाठी.

इथे दुकानदार हमखास विचारतो, की पोर्टलवर बिल दिसते आहे, तर क्रमांक तिथूनच का उचलत नाही? उचलता येतो; पण मग जुळणी कशाची कशाशी करायची? पुरवठादाराने भरलेली माहिती हातातल्या बिलाशी ताडून पाहणे हाच त्या कामाचा हेतू असतो. शिवाय करवजावट, म्हणजे व्यापाऱ्यांच्या बोलण्यातले ‘इनपुट’, घेण्यासाठी बिल जवळ असणे ही कायद्यातली वेगळी अट आहे. पोर्टलवरची नोंद ही त्याखेरीजची. आणि २बीमध्ये बिलाची रक्कम व कर दिसतो, मालाचे वर्णन दिसत नाही. पाइप विकण्यासाठी आणले की दुकानावर चढवायच्या मजल्यासाठी, याने वजावट मिळते की नाही हे बदलते.

दुसरे बिल रंगाच्या डब्यांचे. ते प्लास्टिकच्या फोल्डरमधून बाहेर न काढताच फ्लॅश टाकून टिपले होते. मधोमध पांढरा धब्बा आला आणि तो नेमका खरेदीदाराच्या नाव-क्रमांकावर बसला. धूसर फोटोत अंकाचा काही अंश तरी शिल्लक असतो. चकाकीने पांढऱ्या पडलेल्या जागी काहीच नोंदलेले नसते, म्हणून फोटो कितीही काळा करून पाहिला तरी तिथून काही वर येत नाही.

हे बिल २बीमध्ये आलेले नव्हते, त्यामुळे तो झाकलेला भाग सगळ्यांत महत्त्वाचा होता. बिलावर क्रमांक बरोबर असेल, तर पुरवठादाराने विवरणात चूक केली आहे आणि ती तिथे सुधारायची. बिलावरच क्रमांक चुकीचा असेल, तर आधी बिल दुरुस्त व्हायला हवे. रंगाच्या वितरकाला फोन दुकानदारानेच करायचा होता, आणि काय मागायचे ते या पंधरा अक्षरांवर ठरणार होते. ईमेलमध्ये लिहिले होते : ‘बिल फोल्डरमधून काढून खिडकीशी सपाट ठेवावे, फ्लॅश बंद करावा. वरच्या भागात आपल्या फर्मचे नाव आणि त्याखालचा जीएसटी क्रमांक पूर्ण दिसला पाहिजे.’

तिसरे बिल बिजागऱ्या आणि कड्या-कोयंड्यांचे, हाताने लिहिलेले, आणि गिऱ्हाइकाला मिळालेली प्रत कार्बनची. फोटो दिसायला चारांत सर्वांत स्वच्छ होता, आणि तोच सर्वांत फसवा ठरला. दुकानातल्या मुलाने तो स्कॅन करण्याच्या अ‍ॅपमधून ‘ब्लॅक अँड व्हाइट’ करून पाठवला होता. हे अ‍ॅप एक पातळी ठरवते. त्याहून गडद ते काळे, फिकट ते पांढरे. लेझर छपाईवर ते चांगले चालते. कार्बनच्या फिकट निळ्या रेघा मात्र जिथे हात हलका पडला असेल तिथे कागदासोबत पांढऱ्या होतात. एका ओळीत ‘१४०’ दिसत होते. ओळींची बेरीज तळाच्या रकमेपेक्षा बरोबर १,६०० रुपयांनी कमी भरत होती, म्हणजे ती ओळ १,७४० ची असणार आणि मधला सात गळाला असणार. रक्कम अशी सापडली. तारखेतला महिना सापडला नाही. तिथे एका उभ्या रेघेशिवाय काहीच उरले नव्हते. अस्पष्ट फोटो निदान सावध करतो. अशा फोटोतला चुकीचा आकडा थेट टॅलीत जाऊन बसतो.

याचे कारण सांगताना ईमेलने दोष फोटो काढणाऱ्याला न देता अ‍ॅपच्या मांडणीला दिला, आणि ते योग्यच होते : ‘अ‍ॅपने फिकट शाई पुसली आहे. साध्या कॅमेऱ्याने रंगीत फोटो काढावा.’

बिघाड कोणता, हे फोटो मोठा केला की कळते. हात हलला असेल तर प्रत्येक अक्षराची एकाच दिशेला सावलीसारखी दुसरी कड दिसते. फोकस चुकला असेल तर कड नसते, नुसते धुके असते, आणि कागद दुमडलेला असल्यास पानाचा एखादाच कोपरा तसा होतो. वाटेत दाबल्याने बिघडलेल्या फोटोत अक्षरांभोवती मळकट चौकोन दिसतात. हा फरक ओळखणे जरूर असते, कारण उपाय निराळे आहेत. हललेला फोटो पुन्हा काढावा लागतो. दाबला गेलेला फोटो दुकानदाराच्या मोबाइलमध्ये बहुधा मूळ रूपात शाबूत असतो. तोच व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला की आकार न घटता येतो. पाइपांच्या बिलाबाबत ईमेलने आधी हेच करून पाहायला सांगितले होते. १२ मेगापिक्सेलच्या मूळ फोटोची लांब बाजू सुमारे ४,००० ठिपक्यांची असते. दोन बिले त्यात सामावूनही अंकाला बारा-तेरा ठिपके मिळतात.

चौथी होती टेम्पोच्या डिझेलची पावती, उष्णतेने छापणाऱ्या यंत्रातली. हा कागद शाईने छापलेला नसतो. त्याच्या लेपावर उष्णतेने काळे उमटते आणि ऊन, उष्णता, प्लास्टिकचा सहवास यांनी ते विरते. टेम्पोच्या काचेमागे राहिलेली ही पावती कोरी होत आली होती. नवा फोटो मागणे व्यर्थ होते. डिझेल जीएसटीत येत नसल्याने तिथे वजावटीचा प्रश्न नव्हता, पण आयकरासाठी खर्चाचा पुरावा हवा होता. ईमेलने पंपावरून दुसरी प्रत किंवा महिन्याचा खातेउतारा मागितला, आणि पुढच्या पावत्यांचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवायला सांगितले.

१७ तारखेला पाइपांच्या बिलाचा मूळ फोटो आला. क्रमांकाचा शेवट ३८६ निघाला, २बीशी जुळला आणि ३,३०३ रुपयांची वजावट त्याच महिन्यात घेतली गेली. कार्बनच्या बिलाचा महिना फेब्रुवारीच होता. रंगाच्या बिलावर दुकानाचा जुना जीएसटी क्रमांक छापलेला होता, म्हणजे वडिलांच्या एकट्याच्या मालकीच्या काळातला, भागीदारी झाल्यावर रद्द झालेला. वितरकाच्या संगणकात तोच राहिला होता. रद्द क्रमांक पोर्टल स्वीकारत नसल्याने वितरकाने ती विक्री किरकोळ विक्रीत दाखवली होती. त्या बिलाची वजावट मार्चमध्ये भरायच्या विवरणातून वगळली गेली. तेवढा कर या वेळी रोख भरावा लागला, पण हक्क बुडाला नाही. आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत ती घेता येते. दुरुस्त बिल आणि पुढच्या जीएसटीआर-१ मध्ये बदल, असे दोन्ही वितरकाकडे मागण्यात आले.